मांडीतला रॉड आज नको: पॉलिट्रॉमात तात्पुरता आधार आणि पक्क्या ऑपरेशनची वेळ

जानेवारीत ऊस ऐन भरात असतो. मोहोळच्या आसपास महामार्गाच्या कडेला रात्री जोड ट्रॉल्या उभ्या असतात, एखादीचा टायर बसलेला, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. अशाच एका ट्रॉलीवर रात्री साडेआठला मोटारसायकल आदळली. चालवणारा २९ वर्षांचा, हेल्मेट घातलेला. दहाला दहा मिनिटं कमी असताना १०८ त्याला घेऊन सोलापुरात कॅज्युअल्टीत आली. या लेखातला रुग्ण म्हणजे दोन-तीन रुग्णांची हकिगत एकत्र करून उभा केलेला माणूस आहे. ओळख पटू नये, एवढाच त्यामागचा हेतू. प्रसंग आणि आकडे मात्र आम्ही रोज पाहतो तसेच आहेत.

नाडी १३२, रक्तदाब ८४ वर ५०, ऑक्सिजन मास्क लावूनही सॅच्युरेशन ८८. बोलत होता, पण तेच तेच विचारत होता. डाव्या मांडीचं हाड मधोमध मोडलेलं, जखम नाही. उजवी नडगीही मोडलेली, तिच्यावर सहा सेंटिमीटरची फाटलेली जखम, आत माती आणि पाचटाचे तुकडे. छातीच्या डाव्या बाजूला चौथी ते आठवी फासळी मोडलेली, डावीकडे रक्त साठलेलं, दोन्ही फुप्फुसांना मुका मार. पोटाच्या सोनोग्राफीत काही नाही, कमरेचा एक्स-रे चांगला. बगलेत ताप घेतला तेव्हा नर्सने ‘नॉर्मल’ लिहिलं. गुदाशयातून घेतला तर ३४.२ अंश.

वडील बाहेर उभे होते. म्हणाले, ‘डॉक्टर, छातीचं तुम्ही बघा, पण पाय तेवढा आजच करून टाका की. रॉड बसवला की सुटला.’ माझा पहिल्या वर्षाचा रेसिडेंटही मनातून तेच म्हणत होता. तरुण रुग्ण, साधं फ्रॅक्चर, इम्प्लांट कपाटात, थिएटर मोकळं. हा लेख त्या रेसिडेंटसाठी आहे, आणि बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटच्या नर्सिंग होममध्ये रात्री एकट्याने असा रुग्ण घेणाऱ्या प्रत्येक ऑर्थोपेडिक सर्जनसाठी. मोडलेली मांडी आणि मार लागलेली छाती ही एकच जोडी मी धरली आहे, कारण डॅमेज कंट्रोलचा सगळा वाद मुळात याच जोडीवरून पेटला.

रॉडच का नको?

मांडीचं हाड लवकर पक्कं बसवणं वाईट नाही, उलट चांगलंच. १९८९ मध्ये बोन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की गंभीर जखमी रुग्णांत फीमर पहिल्या २४ तासांत बसवला तर फुप्फुसाच्या तक्रारी कमी होतात आणि आयसीयूतला मुक्कामही घटतो. त्याआधी अशा माणसाला ‘ऑपरेशनला झेपणार नाही’ म्हणून आठवडेच्या आठवडे ट्रॅक्शनवर झोपवून ठेवत. मग लंबक दुसरीकडे गेला आणि सगळ्यांचं सगळं पहिल्याच रात्री होऊ लागलं. नव्वदच्या दशकात जर्मनीत हॅनोव्हरच्या गटाला दिसलं की छातीला जबर मार असलेल्यांत लवकर नेल घातला की काही जण एआरडीएसमध्ये जातात. २००० साली बाल्टिमोरच्या स्कॅलिया आणि सहकाऱ्यांनी फीमरला आधी एक्स्टर्नल फिक्सेटर आणि रुग्ण सावरल्यावर नेल, असा क्रम मांडला.

कारण समजून घेतलं की पुढचे आकडे पाठ करावे लागत नाहीत. अपघात हा पहिला घाव. त्यातून रक्त जातं, पेशींना ऑक्सिजन कमी पडतो आणि शरीराची सूज-यंत्रणा भडकते. न्यूट्रोफिल जागे होतात आणि फुप्फुसाच्या केशवाहिन्यांना चिकटून बसतात. अशा वेळी मोठं ऑपरेशन हा दुसरा घाव ठरतो. त्यात पुन्हा रक्त जातं, अंग थंड पडतं. मांडीत रीमर फिरवला की मज्जेच्या पोकळीतला दाब वाढतो, आणि चरबी व गुठळ्या शिरेतून थेट फुप्फुसाच्या गाळणीत येऊन अडकतात. निरोगी फुप्फुस हे पचवतं. मुका मार लागलेलं, आधीच पाणावलेलं फुप्फुस पचवत नाही, आणि ते कळतं दोन दिवसांनी.

मी स्वतः हा धडा एका दुसऱ्या गावी, दुसऱ्या रुग्णालयात घेतला. दोन्ही मांड्या एकाच रात्री, चार तासांत. सकाळच्या एक्स-रेवर सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. तिसऱ्या दिवशी रुग्ण व्हेंटिलेटरवर पालथा होता. वाचला, पण तो एक्स-रे मी नंतर कोणाला दाखवला नाही.

पहिला तास: हाडाकडे पाठ करून

आमच्या रुग्णाला आधी छातीत नळी घातली, ६०० मिली रक्त आलं आणि सॅच्युरेशन ९३ वर गेलं. दोन मोठ्या शिरा धरल्या, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत दिलं आणि पुढचा १ ग्रॅम आठ तासांच्या ड्रिपमध्ये लावला. हे औषध अपघातापासून तीन तासांच्या आतच सुरू करायचं, उशीर झाला तर फायदा उरत नाही. मोहोळहून येणाऱ्याला ती वेळ सापडते. करमाळा किंवा सांगोल्याहून दोन ठिकाणी थांबत येणाऱ्याला सापडेलच असं नाही, म्हणून पाठवणाऱ्या डॉक्टरनेच पहिला डोस द्यावा आणि चिठ्ठीवर वेळ लिहावी.

सलाइनच्या बाटल्या ओतायच्या नाहीत. एक लिटर झालं की रक्ताकडे वळायचं, आणि लाल पिशवीबरोबर प्लाझ्माही मागवायचा, साधारण बरोबरीने. ब्लड बँकेला पहिला फोन रक्तदाब पाहिल्याबरोबर जायला हवा, हिमोग्लोबिनचा रिपोर्ट येईपर्यंत थांबून नाही, कारण ताज्या रक्तस्रावात हिमोग्लोबिन चांगलंच दिसतं. बंद मांडीत एक ते दीड लिटर रक्त सहज मुरतं. रक्त चढू लागलं की आयोनाइज्ड कॅल्शियम पाहत राहायचं. पिशवीतलं सायट्रेट ते खाऊन टाकतं, आणि कॅल्शियम घसरलं की रक्त गोठतही नाही, हृदयही नीट आकुंचन पावत नाही.

डोक्याला मार नसेल तर वरचा रक्तदाब ८० ते ९० इतपत ठेवून रक्तस्राव थांबेपर्यंत चालतं. डोक्याला गंभीर मार असेल तर ही मुभा नाही. तिथे तरुण माणसात ११० च्या खाली जाऊ द्यायचं नाही. आमच्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी साफ निघाला, ते नशीब.

आणि ते ३४.२. सोलापूरच्या उन्हाळ्याची एवढी सवय असते की इथे कोणी गारठेल हे आपल्या मनातच येत नाही. पण उघड्या रस्त्यावर तासभर, रक्ताने भिजलेले कपडे, कपाटातल्या थंड बाटल्या आणि वर थिएटरचा एसी, यात माणूस एप्रिलमध्येही गारठतो. अंग गार पडलं की रक्त गोठवणारी विकरं मंदावतात. ओले कपडे कापून काढा, दोन ब्लँकेट घाला, द्रव गरम करून द्या, थिएटरचा एसी आधीच बंद करायला सांगा. आणि ताप बगलेत घेऊ नका.

मोडलेल्या पायाचं या तासात एवढंच: मांडी ओढून सरळ करून थॉमस स्प्लिंटमध्ये, त्याआधी आणि नंतर पावलाची नाडी. नडगीच्या जखमेचा एक फोटो, वर ओलं गॉझ, आणि सेफाझोलिन २ ग्रॅम पहिल्या तासाच्या आत. शेतातली माती होती म्हणून जोडीला मेट्रोनिडाझोल दिलं. जेंटामायसिन मुद्दाम टाळलं, कारण शॉकमधली किडनी आधीच उपाशी असते. टिटॅनसचं इंजेक्शन राहून जाऊ देऊ नका.

आकडे कसे वाचायचे

आल्याबरोबरचा धमनीतला गॅस असा होता: पीएच ७.१९, बेस एक्सेस उणे १०, लॅक्टेट ६.१. प्लेटलेट ९८ हजार. श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटरवर घेतल्यावर ६० टक्के ऑक्सिजनवर धमनीतला ऑक्सिजन ९६ होता. भागिले ०.६, म्हणजे पीएफ गुणोत्तर १६०. निरोगी माणसात हे ४०० च्या वर असतं.

हा आल्या क्षणाचा फोटो झाला, त्यावर पाय बसवायचा की नाही हे ठरत नाही. दोन तास रक्त, ऊब आणि ऑक्सिजन दिल्यावर आकडे कुठे सरकतात त्यावर ते ठरतं. क्लीव्हलँडच्या व्हॅलियर यांच्या गटाने मांडलेल्या उंबऱ्याचा आमच्याकडे चांगला उपयोग होतो, कारण एका गॅसच्या रिपोर्टवर तो वाचता येतो: लॅक्टेट ४ च्या खाली, पीएच ७.२५ किंवा वर, बेस एक्सेस उणे ५.५ किंवा त्याहून बरा. रुग्ण उपचाराला असा प्रतिसाद देत असेल तर फीमर, कंबर आणि मणका ३६ तासांच्या आत पक्के बसवावेत, असं ते सांगतात.

पण हे आकडे रक्ताभिसरणाचे आहेत, फुप्फुसाबद्दल ते काही बोलत नाहीत. म्हणून छातीला मार असेल तर आणखी तीन गोष्टी वेगळ्या पाहायच्या. पीएफ २०० ते ३०० मध्ये असेल तर रुग्ण अस्थिर, २०० च्या खाली असेल तर टोकाला गेलेला. प्लेटलेट ९० हजारांच्या खाली घसरत असतील तर शरीर गुठळ्या करण्यात त्या संपवतं आहे. आणि तापमान ३५ च्या खाली असेल तर बाकीचे आकडे चांगले दिसले तरी त्यांच्यावर भरवसा ठेवायचा नाही. पापे आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे स्थिर, काठावरचा, अस्थिर आणि मरणासन्न असे चार गट केले ते याच धर्तीवर. यातला ‘काठावरचा’ हाच खरा फसवतो. दोन्ही फुप्फुसांना मुका मार, किंवा छातीच्या मोठ्या माराबरोबर इंज्युरी सिव्हिअरिटी स्कोअर २० च्या वर, एवढ्यावरच तो या गटात बसतो, मग रक्तदाब कितीही छान असो.

रात्री बाराला आमचा दुसरा गॅस आला: पीएच ७.२४, बेस एक्सेस उणे ८, लॅक्टेट ४.८. तापमान ३४.६, पीएफ तसाच. दिशा बरोबर होती, पण मुक्काम अजून लांब होता. रॉड रद्द. ठरवलं ते एवढंच की मांडीला बाहेरून आधार द्यायचा, नडगीची जखम धुवायची, तिलाही बाहेरून आधार द्यायचा आणि दीड तासात परत आयसीयूत न्यायचं.

गॅसचं मशीन नसलेल्या ठिकाणी काय? नाडीला वरच्या रक्तदाबाने भागा. आमच्या रुग्णात ते १.५७ येत होतं. १ च्या वर असेल तर शॉक सुटलेला नाही असं धरा. जोडीला तासाची लघवी आणि गुडघ्याच्या खालची कातडी गार आहे का ते बघा. या तिन्हींवर रॉडचा निर्णय घेता येत नाही, पण ‘इथे काही करू नये, पुढे पाठवावं’ हा निर्णय नक्की घेता येतो.

ट्रॅक्शन की फिक्सेटर

बाहेरचा फिक्सेटर म्हणजेच डॅमेज कंट्रोल, असा समज पसरला आहे. तो खरा नाही. एक-दोन दिवसांत रॉड होणार असेल तर हाडातून पिन घालून लावलेलं ट्रॅक्शनही पुरतं. दोन्हींची तुलना झाली तेव्हा गुंतागुंतीत मोठा फरक दिसला नाही. रुग्ण थिएटरपर्यंत नेण्याइतकाही बरा नसेल तर आयसीयूच्या खाटेवर भूल देऊन पिन घाला, शरीराच्या वजनाच्या साधारण दहाव्या भागाइतकं वजन लावा आणि गप्प बसा. गुडघा सैल वाटत असेल तर पिन टिबियात घालू नका, फीमरच्या खालच्या टोकात घाला, नाहीतर फाटलेल्या लिगामेंटवरच ओढ बसेल.

मग आम्ही फिक्सेटर का निवडला? छातीमुळे. हा माणूस पुढचे चार-पाच दिवस व्हेंटिलेटरवर राहणार हे दिसत होतं. त्याला बसतं करायचं, कुशीवर वळवायचं, वेळ आली तर पालथा घालायचं. पायाला वजन लटकत असेल तर नर्सला यातलं काहीच करता येत नाही, आणि पाठीवर पडून राहिलेलं फुप्फुस खालून मिटत जातं. शिवाय नडगीची उघडी जखम धुवायला थिएटरमध्ये जायचंच होतं.

थिएटरमध्ये पंचवीस मिनिटं

आधी मांडी, कारण ती स्वच्छ. साधं रेडिओल्युसंट टेबल पुरे, फ्रॅक्चर टेबलवर चढवण्यात वेळ जातो. तुटलेल्या जागेच्या वर दोन आणि खाली दोन, ५ मिलिमीटरचे शँझ पिन, बाहेरच्या बाजूने किंवा किंचित पुढून. दीड सेंटिमीटरचा छेद, हाडापर्यंत आर्टरी फोर्सेपने वाट, स्लीव्ह टेकवून ३.५ मिलिमीटरच्या ड्रिलने दोन्ही कॉर्टेक्स, ड्रिल चालू असताना वरून सलाइन. पिन हाताने फिरवायचा, पॉवरने नाही. हाड भाजलं तर तोच पिन पाचव्या दिवशी सैल होतो आणि पू देतो, आणि मग पुढचा सगळा बेत कोसळतो.

दोन गोष्टी इथे वारंवार चुकतात. पहिली, फ्रॅक्चरजवळचा पिन त्याच्या रक्ताच्या गाठीत घालणं. मोडलेल्या टोकापासून निदान पाच सेंटिमीटर दूर राहा. उद्या तिथूनच रॉड जाणार आहे, त्या गाठीत बाहेरचे जंतू सोडू नका. दुसरी चूक गुडघ्याजवळची. सांध्याची पिशवी पटेलाच्या वर बरीच चढलेली असते. पुढून घातलेला पिन पटेलाच्या वरच्या कडेपासून सात-आठ सेंटिमीटरच्या आत आला तर तो सांध्यातच असू शकतो.

जुळवणी सुबक नको, लांबी हवी. मदतनिसाने पाय ओढून धरायचा, सी-आर्मवर दोन चित्रं, दांडा आणि क्लॅम्प घट्ट. दोन सेंटिमीटर आखूड ठेवलात तर आठव्या दिवशी रॉड घालताना स्नायू आकसलेले असतात आणि तो ओढून लांबवताना अर्धा तास जादा जातो. दांडा कातडीपासून दोन-तीन बोटं दूर, कारण मांडी उद्या आणखी सुजणार. पुन्हा पावलाची नाडी. आमची मांडी पंचवीस मिनिटांत झाली.

नडगीला चाळीस मिनिटं लागली. पाचट चिमट्याने एकेक वेचावं लागतं, त्याला इलाज नाही. मेलेला स्नायू कापला, सहा लिटर सलाइन कमी दाबाने सोडलं, आतल्या-पुढच्या बाजूने चार पिन घातले, जखम उघडी ठेवून व्हॅक्यूम ड्रेसिंग लावलं. उघडी जखम आहे म्हणजे कंपार्टमेंट सिंड्रोम होणार नाही, हा गोड गैरसमज. झोपवलेला रुग्ण दुखतंय म्हणत नाही, म्हणून पोटरी दर दोन तासांनी हाताने चाचपायची. शंका आली तर दाब मोजायचा, आणि खालच्या रक्तदाबाशी त्याचा फरक ३० पेक्षा कमी आला की फॅसिओटॉमी.

ऑपरेशन चालू असताना भूलतज्ज्ञाशी आधीच करार हवा: तापमान ३४ च्या खाली, किंवा लॅक्टेट वाढू लागलं, किंवा रक्तदाबाला औषध चढवावं लागलं, की तो ‘थांबा’ म्हणणार आणि आपण थांबणार. वाद टेबलावर घालायचा नाही.

सकाळचा मोह

बारा तासांनी लॅक्टेट ३.१, पीएच ७.३३, बेस एक्सेस उणे ४.५. एव्हाना लाल पिशव्या सहा, प्लाझ्मा सहा आणि प्लेटलेटचा एक डोस देऊन झाला होता. व्हॅलियर यांच्या उंबऱ्याच्या आत आम्ही आलो होतो. रेसिडेंट चमकत्या डोळ्यांनी रिपोर्ट घेऊन आला, ‘सर, ३६ तास व्हायचेत अजून.’ छाती साफ असती तर मी त्याच दुपारी रॉड घातला असता, आणि तेच बरोबर झालं असतं. पण ५० टक्के ऑक्सिजनवर धमनीतला ऑक्सिजन १०५ होता, म्हणजे पीएफ २१०, आणि एक्स-रेवर दोन्ही बाजूंचा पांढरेपणा रात्रीपेक्षा जास्त होता. फुप्फुसाचा मुका मार पहिल्या दिवशी पूर्ण दिसत नाही. तो २४ ते ४८ तास वाढतो. आम्ही थांबलो. दुसऱ्या दिवशी पीएफ १८० झालं आणि प्लेटलेट ७२ हजारांवर आल्या.

दुसरा ते चौथा दिवस मोठ्या ऑपरेशनसाठी सगळ्यात वाईट. सूज-यंत्रणा तेव्हा शिगेला असते, सगळ्या अंगात पाणी साचलेलं असतं. याच काळात घरच्यांचा धीर सुटतो. वडील म्हणाले, ‘बाहेरनं सळया लावून नुसतं ठेवलंय, शेजारचे विचारायलेत.’ त्यांना फुप्फुसाचे तीन दिवसांचे एक्स-रे ओळीने लावून दाखवले. हाडाच्या एक्स-रेपेक्षा ते त्यांना लवकर कळले.

या दिवसांत काही करायचं नसतं असं मात्र नाही. नडगीची जखम ४८ तासांनी पुन्हा उघडून पाहिली, वीस मिनिटांत. अशी छोटी कामं चालतात. पिनच्या जागा रोज सलाइनने पुसल्या. रक्तस्राव थांबल्याची खात्री झाल्यावर हेपरिन सुरू केलं. आणि चोवीस तासांच्या आत डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत पुन्हा एकदा तपासणी केली. त्यात डाव्या हाताच्या तळव्यातलं मोडलेलं हाड सापडलं, जे पहिल्या रात्री कोणीच पाहिलं नव्हतं. फीमर मोडलेल्या प्रत्येकात त्याच बाजूच्या खुब्याच्या मानेचे सीटीचे बारीक काप आवर्जून बघा. मानेची भेग साध्या एक्स-रेत लपते, आणि रॉड घालताना ती सुटली की तरुण माणसाचा खुबा जातो.

फॅट एम्बोलिझमवरही याच काळात डोळा ठेवा. २४ ते ७२ तासांत अचानक ऑक्सिजन घसरणं, गोंधळलेपण, आणि काखेत, छातीवर किंवा डोळ्याच्या आतल्या पापणीवर बारीक लाल ठिपके. ठिपके सगळ्यांत दिसत नाहीत, पण दिसले तर रॉड आणखी पुढे.

सहावा दिवस

पक्क्या ऑपरेशनची खिडकी साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात उघडते. पण कॅलेंडर पाहून आत शिरायचं नाही, दार उघडलं आहे का ते पाहायचं. सहाव्या दिवशी सकाळी लॅक्टेट १.४, ३० टक्के ऑक्सिजनवर धमनीतला ऑक्सिजन १०२, म्हणजे पीएफ ३४०. प्लेटलेट १ लाख ६५ हजार आणि चढत्या. रक्तदाबाची औषधं दोन दिवस बंद. लघवी भरपूर, कारण साचलेलं पाणी आता शरीर बाहेर टाकत होतं. हे शेवटचं लक्षण मला फार आवडतं. चार दिवस शरीरात भरत गेलेलं पाणी उलटं वाहू लागलं, की केशवाहिन्यांची गळती थांबल्याचा तो सगळ्यात स्वस्त पुरावा असतो.

फिक्सेटर काढून त्याच बैठकीत रॉड घालता येतो, पण दोन आठवड्यांच्या आत आणि पिनच्या जागा कोरड्या असतील तरच. आधी फ्रेमसकट सगळा पाय स्वच्छ केला. पिन काढले, त्यांच्या वाटा क्युरेटने खरवडल्या, धुतल्या, ड्रेसिंगने झाकल्या. मग हातमोजे, गाऊन, ड्रेप आणि अवजारं सगळी बदलून पाय नव्याने तयार केला. एक जादा ट्रे आणि पंधरा मिनिटं, पण यात काटकसर करू नका. पिनमधून पू येत असेल तर त्या दिवशी रॉड नाही. फिक्सेटर काढा, वाट साफ करा, ट्रॅक्शन लावा, कल्चरप्रमाणे औषध द्या आणि कोरडं पडल्यावर या.

रीमिंग करताना धारदार रीमर, हळू पुढे, मध्येच मागे घेऊन पोकळीतला दाब सोडायचा. बोथट रीमर जोर लावून ढकलणं म्हणजे सिरिंजचा दट्ट्या दाबणं. आमचा बेत त्याच भुलीत नडगीचाही रॉड घालण्याचा होता. मांडीच्या तिसऱ्या रीमरला सॅच्युरेशन ९८ वरून ९३ झालं आणि परत यायला बारा मिनिटं लागली. मांडीचा रॉड लॉक केला, नडगीचा ट्रे न उघडता परत पाठवला. ती नवव्या दिवशी केली, प्लास्टिक सर्जनने जखम झाकली त्याच बैठकीत.

कुठे हे सगळं लागू नाही

छाती साफ, रक्तदाब चांगला, लॅक्टेट २ च्या आत आणि एकच फीमर मोडलेला, अशा माणसाला ‘डॅमेज कंट्रोल’ म्हणत फिक्सेटर लावणारेही मी पाहिले आहेत. बहुतेकदा खरं कारण असतं रात्रीचे दोन वाजलेले आणि कंटाळलेला सर्जन. त्याला सकाळी पहिल्या यादीत रॉड घाला, रात्रभर ट्रॅक्शन पुरे. विनाकारण लावलेला फिक्सेटर म्हणजे एक भूल जास्त, पिनमधून जंतूंची एक वाट जास्त, आणि आपल्याकडे रुग्णाच्या खिशावर इम्प्लांटचा दुहेरी भार.

उलट कंबर उघडली असेल आणि रक्त थांबत नसेल तर मांडीचा विचारच नंतर. दोन्ही ट्रोकँटरच्या पातळीवर चादर किंवा बाइंडर घट्ट बांधा. कंबरेच्या वरच्या हाडांवर बांधलेली चादर पोट आवळते, कंबर मिटवत नाही. अशा रुग्णाला तालुक्याच्या ठिकाणी फिक्सेटर लावत बसू नका. बाइंडर, थॉमस स्प्लिंट, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, अँटिबायोटिक, आणि पुढच्या रुग्णालयाला फोन. फोनवर सांगायचं ते अपघाताची वेळ, सगळ्यात कमी भरलेला रक्तदाब, दिलेलं रक्त आणि पावलाची नाडी. एक्स-रेचं वर्णन तिथे पोचल्यावर आम्ही बघतो.

आमचा रुग्ण दहाव्या दिवशी व्हेंटिलेटरवरून सुटला, अठराव्या दिवशी वॉकर घेऊन वॉर्डात चालला. साडेचार महिन्यांनी ओपीडीत आला तेव्हा मांडी जुळली होती, नडगी अजून पूर्ण जुळलेली नव्हती, गुडघा ११० अंश वळत होता. पिनच्या जागांपैकी खालची एक अजून काळपट दिसत होती. वडिलांनी तीच आधी दाखवली.